अकरा टक्के चौदा टक्क्यांपेक्षा महाग कसे?

दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता. सोलापूरच्या नवी पेठेत माझं हिशोब लिहून देण्याचं छोटं ऑफिस आहे. संध्याकाळी सातच्या सुमाराला विडी घरकुलातला एक मुलगा आणि त्याची आई आत आले. मुलगा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. रात्रपाळी सुटल्यावर घरी जायला रिक्षा मिळत नाही म्हणून त्याला गाडी घ्यायची होती. त्याने खिशातून शोरूममधलं व्हिजिटिंग कार्ड काढलं. कार्डाच्या मागे बॉलपेनने लिहिलं होतं: ८०,००० कर्ज, ११ टक्के, २४ महिने, हप्ता ४,०६७. एका बँकेनेही कर्ज द्यायची तयारी दाखवली होती, पण तिचा दर होता १४ टक्के.

"काकू, अकराचं सोडून चौदाचं कोण घेईल? पण आई म्हणते, एकदा दाखवून ये," तो म्हणाला.

आईचं बरोबर होतं. त्या दोन आकड्यांमध्ये अकरा टक्केवालं कर्ज महाग होतं, आणि थोडंथोडकं नाही. कार्डावर खोटं काही लिहिलेलं नव्हतं. फक्त ११ च्या पुढे एक शब्द लिहायचा राहिला होता: फ्लॅट.

फ्लॅट म्हणजे काय, रिड्यूसिंग म्हणजे काय

फ्लॅट दरात व्याज पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर, पूर्ण मुदतीसाठी, एकदाच काढून ठेवतात. ८०,००० वर ११ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ८,८०० आणि दोन वर्षांचं १७,६००. मुद्दल आणि व्याज मिळून ९७,६०० झाले. त्याला २४ ने भागलं की हप्ता आला ४,०६७. शाळेतल्या सरळव्याजाच्या गणितासारखंच हे दिसतं, म्हणून ते आपल्याला पटकन पटतं.

रिड्यूसिंगमध्ये, म्हणजे घटत्या शिलकीवरच्या व्याजात, दर महिन्याला त्या महिन्यात जेवढं मुद्दल देणं बाकी आहे तेवढ्यावरच व्याज लागतं. हप्ता भरला की त्यातून आधी त्या महिन्याचं व्याज वजा होतं आणि उरलेली रक्कम मुद्दलातून कमी होते. पुढच्या महिन्याचं व्याज त्या कमी झालेल्या मुद्दलावर. हप्ता दर महिन्याला सारखाच असतो, पण त्याच्या आतला व्याजाचा वाटा उतरत जातो आणि मुद्दलाचा चढत जातो.

शाळेतलं सरळव्याजाचं गणित चुकीचं नाही. पण त्या गणितात माणूस सगळे पैसे दोन वर्षं स्वतःकडे ठेवतो आणि शेवटी एकदम परत करतो. हप्त्याच्या कर्जात तसं होत नाही. पहिल्याच महिन्यापासून तुम्ही मुद्दल परत करायला लागता. फ्लॅट दर या परतफेडीकडे बघतच नाही.

गाद्यांचं भाडं

त्या माऊलीला मी हे गाद्यांवरून समजावलं. समजा लग्नघरी मांडववाल्याकडून २४ गाद्या आणल्या. एका गादीचं दिवसाचं भाडं १० रुपये. पाहुणे हळूहळू निघाले, म्हणून दररोज संध्याकाळी एक गादी परत केली. पहिल्या दिवशी भाडं २४ गाद्यांचं, दुसऱ्या दिवशी २३ चं, असं करत चोविसाव्या दिवशी फक्त एका गादीचं. सगळं मिळून रास्त भाडं होतं ३,००० रुपये.

आता मांडववाला म्हणाला, "तुम्ही २४ गाद्या नेल्या होत्या ना? मग २४ दिवस २४ गाद्यांचं भाडं द्या." ते होतं ५,७६० रुपये. दर तोच, गादीमागे १० रुपये. बोललेला आकडा कुठेच बदललेला नाही. पण शेवटच्या दिवशी घरात एकच गादी आहे आणि तिचं भाडं २४० रुपये लागतंय.

"असा मांडववाला आमच्या गल्लीत टिकायचा नाही," ती म्हणाली.

गाडीच्या कर्जातला शेवटचा महिना तसाच असतो. फ्लॅटच्या हिशोबाने प्रत्येक हप्त्यात ३,३३३ रुपये मुद्दल आणि ७३३ रुपये व्याज. चोविसाव्या महिन्यात मुलाकडे बाकी राहणार फक्त ३,३३३ रुपये, आणि त्या ३,३३३ रुपयांच्या एका महिन्याच्या वापराचे तो भरणार ७३३. तो एकच महिना वेगळा काढून पाहिला तर व्याज महिन्याला २२ टक्के पडतं.

मग अकरा टक्क्यांचे खरे किती?

अंदाज काढायला कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही. फ्लॅटच्या हिशोबात मुद्दल पहिल्या महिन्यात ८०,००० आणि शेवटच्या महिन्यात ३,३३३. दोन्हींची सरासरी काढली तर दोन वर्षांत मुलाकडे सरासरी ४१,६६७ रुपयेच होते. व्याज मात्र वर्षाला ८,८००. म्हणजे दर झाला २१ टक्के.

नेमका दर याहून थोडा कमी निघतो, १९.८७ टक्के. फरक का, तर मुद्दल दर महिन्याला समान ३,३३३ ने उतरतं असं आपण धरलं. घटत्या शिलकीच्या नियमाने सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असल्यामुळे मुद्दल आधी सावकाश उतरतं आणि नंतर भरभर. पहिल्या हप्त्यातले १,३२५ रुपये व्याजात जातात आणि मुद्दलात फक्त २,७४२. त्यामुळे सरासरी शिल्लक आपल्या अंदाजापेक्षा थोडी जास्त राहते आणि दर थोडा खाली येतो.

नेमका दर मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये स्वतः काढता येतो. महिने, हप्ता आणि कर्जाची रक्कम एवढंच लागतं. हप्त्याच्या आधी उणे चिन्ह द्यायला विसरू नका:

```
=RATE(24,-4066.67,80000)*12
```

उत्तर ०.१९८७ च्या आसपास येतं, म्हणजे १९.८७ टक्के. हे जमणार नसेल तर एक ठोकताळा लक्षात ठेवा. एक ते तीन वर्षांच्या मासिक हप्त्याच्या कर्जात फ्लॅट दराला १.८ ने गुणलं की रिड्यूसिंग दर जवळपास मिळतो. ११ चे १९.८, १० चे १८. मुदत पाच वर्षांची असेल तर हा गुणक थोडा उतरतो. १० टक्के फ्लॅटचे तिथे सव्वासतरा होतात.

आता बँकेचे १४ टक्के. ते रिड्यूसिंग होते, मी फोन करून विचारून घेतलं. त्याच ८०,००० ला, त्याच २४ महिन्यांना हप्ता येतो ३,८४१. दोन वर्षांत एकूण व्याज सुमारे १२,१८५. शोरूमच्या कर्जात १७,६००. फरक ५,४०० रुपयांच्या वर. बँकेच्या १४ शी बरोबरी करायची तर शोरूमवाल्याला फ्लॅट दर ७.६ टक्के लावावा लागला असता.

फाइल चार्जने हिशोब आणखी बिघडतो

मी मुलाला विचारलं, "शोरूमला प्रत्यक्ष किती पोचणार?" त्याने फोन लावला. कळलं की ८०,००० मधून २,००० फाइल चार्ज आणि १,५०० कर्जाच्या विम्याचे आधीच कापणार. म्हणजे त्याच्या उपयोगाला येणार ७६,५००, आणि हप्ते मात्र ८०,००० च्या हिशोबाने भरायचे. सूत्रात ८०,००० च्या जागी ७६,५०० घातले:

```
=RATE(24,-4066.67,76500)*12
```

उत्तर आलं २४.५८ टक्के.

आई लहानपणापासून विड्या वळते आहे. तिला टक्केवारीपेक्षा 'शेकडा' जास्त कळतं. मी तिला सांगितलं, साडेचोवीस टक्के म्हणजे महिन्याला शेकडा दोन रुपयांच्या थोडं वर. ती एकदम मुलाकडे वळली. शेकडा दोन रुपये हा तिच्या ओळखीचा दर होता, अडीनडीला उसने घेताना लागणारा. आणि तिथेही मुद्दलातले काही पैसे परत केले की पुढच्या महिन्याचं व्याज उरलेल्या मुद्दलावरच लावतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे काचेच्या शोरूममध्ये एसीत बसून घेतलेलं 'अकरा टक्क्यांचं' कर्ज त्याच दराला येऊन पोचलं होतं.

फाइल चार्ज रकमेने लहान वाटतो, कारण आपण तो ८०,००० शी ताडून पाहतो. तो व्याजाशी ताडून पाहायला हवा. १७,६०० व्याजात ३,५०० ची भर म्हणजे व्याज पाचव्या हिश्शाने वाढलं. कर्जाची मुदत जितकी कमी, तितका हा चार्ज दर जास्त चढवतो.

"पण हप्ता तर परवडतोय ना?"

मुलाचा हा प्रश्न रास्त होता. हप्त्यांतला फरक २२६ रुपयांचा. दोन्ही हप्ते त्याच्या पगारात बसत होते. मग दराची एवढी चर्चा कशाला?

माझं मत असं आहे की शोरूममध्ये बोलणं मुद्दाम हप्त्यावरच ठेवलं जातं. हप्ता कमी दाखवायचा सोपा मार्ग म्हणजे महिने वाढवणं. ४,०६७ जड वाटतात म्हटलं की समोरचा ३६ महिन्यांचा हप्ता सांगतो. त्याच ११ टक्के फ्लॅटने तो होतो २,९५६. हजाराच्या वर हप्ता उतरला म्हणून माणूस खूश होऊन सही करतो, आणि व्याज १७,६०० चं २६,४०० होतं. हप्ता परवडतो की नाही हे बघायलाच हवं. पण कुठलं कर्ज स्वस्त हे हप्त्यावरून ठरवायचं असेल तर हातात येणारी रक्कम आणि महिने दोन्हीकडे सारखे हवेत. ते सारखे असले की ज्याचा हप्ता कमी ते कर्ज स्वस्त. मग टक्के कोणी फ्लॅट सांगो की रिड्यूसिंग.

कार्डावरचे ४,०६७ रुपये आणि २४ महिने हेच खरं कर्ज आहे. त्याला ११ टक्के फ्लॅट म्हटलं काय आणि १९.८७ टक्के रिड्यूसिंग म्हटलं काय, मुलाच्या खिशातून जाणारा पैसा तोच. फ्लॅट हे त्याच कर्जाला दिलेलं एक दुसरं, लहान दिसणारं नाव आहे. दोन कर्जांची नावं वेगवेगळ्या पद्धतीने ठेवली आणि तीच शेजारी शेजारी मांडली की गफलत होते.

कर्ज लवकर फेडलं तर?

फ्लॅटचा सर्वात मोठा चटका इथे बसतो, आणि तो बसेपर्यंत बऱ्याच जणांना पत्ता नसतो. माझ्याकडे येणाऱ्या एका यंत्रमागवाल्याला तो तीन वर्षांपूर्वी बसला होता, म्हणून हे मी जास्त खोलात सांगते.

समजा मुलाने बारा हप्ते वेळेवर भरले आणि दिवाळीचा बोनस हाती आल्यावर कर्ज मिटवायला गेला. त्याच्या मनातला हिशोब असा: दर महिन्याला ३,३३३ मुद्दल, बारा महिन्यांत ४०,००० फिटले, ४०,००० राहिले. खिडकीवर मात्र बाकी सांगितली जाते ४३,९२८. वर कर्ज लवकर बंद करण्याचा आकार वेगळा.

हे जवळपास ३,९०० रुपये आले कुठून? उत्तर धक्का देणारं आहे. कर्ज देणारी संस्था स्वतःच्या खात्यात हे कर्ज फ्लॅटने लिहीतच नाही. तिथे ते १९.८७ टक्के घटत्या शिलकीनेच चढवलेलं असतं. पहिल्या महिन्याचं व्याज १,३२५, दुसऱ्या महिन्याचं १,२७९, असं. बाराव्या महिन्याअखेर त्या हिशोबाने शिल्लक बरोबर ४३,९२८ उरते. ७३३ रुपयांचं सारखं व्याज फक्त कार्डाच्या पाठीवर होतं. म्हणजे दर सांगताना फ्लॅट आणि बाकी मागताना रिड्यूसिंग.

काही ठिकाणी याहून वाईट अट असते. उरलेल्या महिन्यांचं फ्लॅट व्याजही पूर्ण भरा म्हणतात. मग लवकर फेडण्यात काडीचाही फायदा उरत नाही. यंत्रमागवाल्याच्या करारात तशीच अट होती, इंग्रजीत, सहाव्या पानावर. म्हणून सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: "बारा हप्त्यांनंतर कर्ज बंद केलं तर किती भरावे लागतील? आकडा लिहून द्या."

हे कायद्यात बसतं का?

फ्लॅट दर सांगणं स्वतःहून बेकायदा नाही. पण नुसता तोच सांगून मोकळं होता येत नाही. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ ला एक परिपत्रक काढलं. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांना प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत एक ठरावीक नमुन्याचा कागद द्यावा लागतो. त्याचं नाव की फॅक्ट स्टेटमेंट, बोलीत केएफएस. तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा आणि त्यातला मजकूर त्याला समजावून सांगायला हवा. म्हणजे सोलापुरात तुम्ही तो मराठीत मागू शकता. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला त्या कागदावरच्या अटी मान्य करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, त्यामुळे "आजच सही करा, उद्या दर वाढेल" हे ऐकून घाबरायचं कारण नाही.

त्या कागदावर बोट ठेवायचं ते एपीआर या आकड्यावर. एपीआर म्हणजे व्याज, फाइल चार्ज, संस्थेने वसूल केलेला विमा असं सगळं धरून घटत्या शिलकीवर पडणारा वर्षाचा दर. आपण सूत्रात काढला तोच, २४.५८. कागदात न दाखवलेला आकार नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. सोबत प्रत्येक हप्त्यात व्याज किती, मुद्दल किती याचा तक्ताही जोडलेला असतो.

"आमची तर पतसंस्था आहे, तिचं काय?"

हा प्रश्न सोलापुरात हमखास येतो, कारण इथे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. पतसंस्था महाराष्ट्राच्या सहकार कायद्याखाली, सहकार निबंधकांच्या देखरेखीत चालतात. रिझर्व्ह बँकेचं हे परिपत्रक त्यांना लागू नाही, त्यामुळे एपीआरचा छापील कागद तिथे मिळेलच असं नाही. तिथे महिने, हप्ता आणि हातात पडणारी रक्कम हे तीन आकडे घेऊन वरचं सूत्र स्वतः चालवा. शेअर्सपोटी कापलेली रक्कम असेल तर ती चार्जमध्ये धरू नका, कारण ती तुमच्या नावावर असते. पण ती परत केव्हा मिळणार ते विचारून ठेवा.

बचत गटातल्या बायकांना मायक्रोफायनान्स कंपनीकडून मिळणारं कर्ज मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येतं. तिथे २०२२ पासून दराचा असाच कागद द्यावा लागतो आणि कर्ज लवकर फेडलं म्हणून दंड घेता येत नाही. आई अशा एका गटात होती. घरी जाऊन तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो कागद शोधून काढला आणि दुसऱ्या दिवशी मला दाखवायला घेऊन आली. दोन वर्षं तो तिच्याकडे होता, कोणी वाचून दाखवला नव्हता.

मुलाने शोरूममध्ये जाऊन केएफएस मागितला. आधी "सही झाल्यावर देतो" असं उत्तर मिळालं. "आधीच द्यायचा असतो" म्हटल्यावर दोन तासांनी प्रिंट आली, आणि तिच्यावर एपीआर २४.५८ छापलेला होता. त्याने बँकेचं कर्ज घेतलं. बँकेनेही ५९० रुपये फाइल चार्ज घेतला आणि कागदपत्रांना आठवडा लावला, त्यामुळे दसऱ्याचा मुहूर्त हुकला. गाडी आली ती दिवाळीच्या पाडव्याला. हप्त्यांचा तक्ता आईने देवघराशेजारच्या कपाटाला आतून चिकटवलाय. पहिल्या ओळीत व्याज ९३३, दुसरीत ८९९, तिसरीत ८६५, आणि शेवटच्या ओळीत ४४ रुपये. दर महिन्याला हप्ता गेल्याचा मेसेज आला की ती एका ओळीवर पेन्सिलीने रेघ मारते.